मेहनती, आज्ञाधारक, सुशील. पण तिनं केलं काय?

‘सर, मी नागपूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी अमेरिकेत पर्यावरण रसायनशास्त्रात पीएच.डी.साठी अर्ज करते आहे. मी तिला बी.एस्सी.पासून ओळखते. तिच्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्र मी तिकडे शिकवणाऱ्या एका परिचितांना दाखवलं. ते म्हणाले, “छान आहे, पण उपयोग होणार नाही.” इंग्रजी मसुद्याचा गाभा असा : “ही अत्यंत मेहनती, आज्ञाधारक व सुशील विद्यार्थिनी आहे. ती वर्गात नियमित असते व शिक्षकांचा आदर करते. तिची आकलनशक्ती उत्तम असून प्रात्यक्षिकांत ती निपुण आहे. ती आपल्या संस्थेचं नाव उज्ज्वल करील याची मला खात्री आहे.” यात बदलायचं काय? मुलगी खरंच गुणी आहे. प्रॅक्टिकलला तर फारच चौकस. एकदा घरच्या विहिरीचं पाणीच तपासायला घेऊन आली होती. पण असल्या गोष्टी औपचारिक पत्रात शोभतात का?’
— एक अध्यापिका, नागपूर

मॅडम,

शोभतात. किंबहुना पत्रात तेवढंच वाचण्यासारखं असतं.

मसुद्यातलं मुलीचं नाव हातानं झाका आणि तिथे तिच्या वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याही बऱ्या विद्यार्थ्याचं नाव घालून वाचा. एकही वाक्य खोटं ठरत नाही. तुमच्या परिचितांना हेच म्हणायचं असणार.

हा दोष तुमच्या एकटीचा नाही. आपल्याकडे शिफारसपत्राचा साचाच मुळी चारित्र्याच्या दाखल्यावरून आलेला आहे. शाळा सोडल्याचा दाखला आठवा : प्रगती ‘समाधानकारक’, वर्तणूक ‘चांगली’. कारकून रांगेनं दाखले भरत जातो आणि प्रत्येकावर तेच दोन शब्द पडतात. त्या कागदाचं काम तेवढंच असतं, मुलाविरुद्ध काही तक्रार नाही हे सांगणं. पुढे त्याच मुलाला शिफारसपत्र द्यायची वेळ आली की आपण त्याच दोन शब्दांना इंग्रजी विशेषणांची झालर लावतो आणि लेटरहेडवर छापून सही-शिक्का करतो. तक्रार नाही, हा निरोप पोचतो. शिफारस राहूनच जाते.

आता पलीकडे कोण बसलंय ते बघा. अमेरिकेत पीएच.डी.चे अर्ज बहुधा त्या विभागातल्या प्राध्यापकांची समिती वाचते. त्यांच्यासमोर मुलीची गुणपत्रिका असते, तिनं स्वतः लिहिलेलं उद्देशपत्र असतं आणि साधारण तीन शिफारसपत्रं असतात. विज्ञान शाखेत घेतलेल्या विद्यार्थ्याची फी आणि विद्यावेतन अनेकदा विभागच उचलतो, तेही पाचेक वर्षं. म्हणजे ती माणसं आपल्या प्रयोगशाळेत कोणाला ठेवायचं हे ठरवत असतात. ‘आकलनशक्ती उत्तम’ हे त्यांना गुणपत्रिकेतून कळलेलंच आहे. प्रयोग बिघडला की ही मुलगी काय करते, हे मात्र कुठल्याही गुणपत्रिकेत नसतं. ते तिच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतं, आणि ती व्यक्ती तुम्ही आहात.

‘आज्ञाधारक’ तर काढूनच टाका. आपल्या कानाला तो गुण वाटतो. संशोधक निवडणाऱ्याला त्यातून ऐकू येतं की ही सांगितल्याशिवाय हात हलवणार नाही.

‘मेहनती’बद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तुमची अर्जदार मुलगी आहे म्हणून ते जास्त लागू पडतं. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोघींनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली आणि २००३ साली निष्कर्ष छापले. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीनं आखूड होती. त्यांत मेहनत, काटेकोरपणा, निष्ठा असले शब्द जास्त होते, तर पुरुषांच्या पत्रांत संशोधनाचा उल्लेख जास्त. लिहिणाऱ्यांच्या मनात कपट होतं असं कोणी म्हणत नाही. पण परिणाम असा, की एकाचं डोकं दिसतं आणि दुसरीचे फक्त कष्ट. त्या पत्रांचा विषय पदभरती होता, पीएच.डी. प्रवेश नव्हे, हे खरं. तरीही मुलींसाठी पत्र लिहिताना मी ‘मेहनती’ आलं की थांबतो आणि स्वतःला विचारतो : हिनं मेहनत केली म्हणजे नेमकं कशाचा छडा लावला?

तुमच्या पत्रात विहिरीच्या पाण्याचं एक वाक्य ओझरतं आलं होतं. म्हणून मी तुम्हाला फोन केला. ते बोलणं तुमच्या परवानगीनं इथे देतो. मुलीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मी विचारलं, पाणी कशासाठी आणलं होतं? तुम्ही म्हणालात, ‘कठीणपणा काढायचा होता ना, ईडीटीएचं टायट्रेशन. सगळे नळाचं पाणी घेतात. हिनं घरचं आणलं.’

मग?

‘मग काही नाही, शुक्रवारी केलं, झालं. सोमवारी परत आली आणि म्हणाली, मॅडम, रीडिंग कमी येऊन राहिलं जी, पाणी तर तेच आहे.’

किती कमी?

इथे तुम्ही जर्नल मागवून घेतलं, हे फार चांगलं केलंत. पाणी जितकं कठीण तितकं ईडीटीएचं द्रावण जास्त लागतं. शुक्रवारी ५० मिलिलिटर पाण्याला २१.४ मिलिलिटर ईडीटीए लागलं होतं, तीनदा. सोमवारी १८.९. आणि तुम्ही जर्नल चाळताना मला सांगितलंत ते असं : सोमवारचे आकडे तिनं खोडले नव्हते. बाजूला पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘बाटली अर्धी भरलेली, लॅबमध्ये बंद, दोन दिवस. तळाशी पांढरं.’

मॅडम, तुम्ही हे सहज सांगून पुढे निघालात. मला मात्र तुमची शिफारस इथेच सापडली. आपल्याकडची प्रॅक्टिकलची जर्नलं आपण दोघांनीही तपासली आहेत. सी.बी.आर., म्हणजे स्थिर ब्युरेट वाचन, तिन्ही रकान्यांत सारखंच यायला हवं या भीतीनं मुलं पहिला आकडा येताच उरलेले दोन भरून टाकतात. न जुळणारा आकडा जर्नलमध्ये तसाच ठेवून त्याचं कारण शोधणारी मुलगी विरळा. आणि ही गोष्ट वर्गात ‘प्रामाणिक’ म्हणून नोंदली जात नाही, कारण परीक्षेत तिला त्याचे गुण नाहीत.

मी पुढे विचारत राहिलो. पांढरं म्हणजे काय, हे तिनं कसं पाहिलं? तिनं आधी ईडीटीएवर संशय घेतला होता. झिंक सल्फेटच्या प्रमाण द्रावणाशी ते पुन्हा ताडून पाहिलं, त्यात फरक नव्हता. मग बाटलीतल्या थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. फसफसलं. म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाटलीला चिकटलं होतं. मार्चमधली नागपूरची बंद लॅब, विहिरीचं बायकार्बोनेटयुक्त पाणी आणि अर्धी रिकामी बाटली. कार्बन डायऑक्साइड निघून गेला की हे होतंच. पुढच्या आठवड्यात तिनं त्याच विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या. एकीत पाणी भरतानाच थोडं आम्ल टाकलं होतं, दुसरी तशीच. तीन दिवसांनी, आम्लाची बाटली उदासीन करून घेतल्यावर, पहिलीचं वाचन २१.३ आणि दुसरीचं १९.१.

इथे तुमचा आवाज खुलला आणि तुम्ही म्हणालात, ‘तर मग मी लिहिते, नमुना टिकवण्याची पद्धत तिनं स्वतः शोधून काढली!’

तेवढं लिहू नका. कठीणपणासाठी आणलेल्या पाण्याच्या नमुन्यात आम्ल घालून ठेवणं ही पाणीतपासणीतली रूढ पद्धत आहे. सामान्यतः त्यासाठी नायट्रिक आम्ल वापरतात. पत्र वाचणारा पर्यावरण रसायनशास्त्राचा माणूस असेल, तर हे त्याला झोपेतही माहीत असतं. ‘शोधून काढली’ वाचताच तो ठरवील की एक तर मॅडमना पद्धत ठाऊक नाही किंवा त्या फुगवून सांगताहेत, आणि मग खरी वाक्यंही तो त्याच नजरेनं वाचील. तुम्ही मुलीला विचारून घेतलंत, तेव्हा ती म्हणाली की ग्रंथालयातल्या पाणीतपासणीच्या पुस्तकात वाचलं होतं. हे तर जास्त चांगलं. दोन तासांच्या प्रॅक्टिकलचा अडलेला आकडा सोडवायला मुलगी ग्रंथालयात गेली, पद्धत सापडल्यावर ती तशीच न स्वीकारता दोन बाटल्यांवर पडताळून पाहिली. संशोधनाची सुरुवात याहून वेगळी नसते. त्यात शोधाचं श्रेय मिसळायची गरज नाही.

दुसरी एक मर्यादा. ती विहिरीवर पाणी भरत होती तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. बाटलीत आम्ल कधी टाकलं हे तुम्हाला तिनं सांगितलं आणि जर्नलमध्ये लिहिलेलं आहे. पत्रातही तसंच लिहा, ‘तिच्या नोंदीनुसार’. टायट्रेशन तुमच्यासमोर झालं, ते ‘मी पाहिलं’ म्हणून लिहा. असा फरक करणाऱ्या शिक्षकावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो आणि त्याचा फायदा शेवटी मुलीलाच होतो.

तर ‘प्रात्यक्षिकांत ती निपुण आहे’ या वाक्याच्या जागी काय येईल, त्याचा कच्चा मजकूर देतो. इंग्रजी तुम्ही कराल. फक्त करताना विशेषणं परत आत घुसू देऊ नका.

‘एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी पाण्याच्या कठीणपणाच्या प्रयोगासाठी तिनं घरच्या विहिरीचं पाणी आणलं. दोन दिवस ठेवलेल्या त्याच पाण्याचं वाचन २१.४ वरून १८.९ मिलिलिटरवर आलं. आमचे बहुतेक विद्यार्थी असं वाचन खोडतात. तिनं ते नोंदवहीत ठेवलं, ईडीटीएचं द्रावण पुन्हा प्रमाणित करून ती शक्यता बाजूला केली आणि मग बाटलीच्या तळाशी बसलेल्या थराला आम्ल लावून तो कार्बोनेट असल्याचं मला दाखवलं. नमुना आम्लानं टिकवण्याची पद्धत तिनं ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचली आणि पुढच्या आठवड्यात दोन बाटल्यांवर, एक आम्ल घातलेली व एक न घातलेली, ती तपासली. हे काम अभ्यासक्रमात नव्हतं आणि त्याला गुण नव्हते. न जुळणाऱ्या आकड्याकडे ती चूक म्हणून पाहत नाही, प्रश्न म्हणून पाहते; माझ्या मते संशोधनासाठी तिची ही सर्वांत मोठी तयारी आहे.’

शेवटचं वाक्य बघा. ते मत आहे, आणि ते हवंच. काही शिक्षक उदाहरण द्या म्हटलं की नुसता प्रसंग सांगून मोकळे होतात आणि वाचणाऱ्यानं त्यातून काय घ्यायचं ते अधांतरी राहतं. प्रसंग आधी, मग त्यावरून तुमचं मत, तेही एकाच वाक्यात. मत आधी आणि प्रसंग मागून आला तरी चालतं. मत एकटं आलं की आपण परत दाखल्याच्या साच्यात गेलो.

मजकुरात ‘जिज्ञासू’, ‘प्रामाणिक’, ‘चिकाटीची’ यांतला एकही शब्द नाही, हेही तुमच्या लक्षात आलं असेल.

अशी किती उदाहरणं द्यायची? एका पानाच्या, फार तर दीड पानाच्या पत्रात दोन पुरतात. एक प्रयोगशाळेतलं झालं. दुसरं वेगळ्या जातीचं घ्या. परत प्रयोगशाळेतलंच घेतलं तर वजन वाढत नाही. तुम्ही फोनवर सांगितलं की बी.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकलं ती मदतनीस म्हणून सांभाळते आणि मुलं तुमच्याऐवजी तिच्याकडे शंका नेतात. तिकडे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अनेकदा पदवीच्या वर्गांना शिकवावं लागतं, त्यामुळे हे नेमकं कामाचं आहे. पण ‘शिकवण्याची आवड आहे’ असं लिहू नका. एका तासाला तिच्यामागे जाऊन उभ्या राहा. एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा रंग वाइनसारख्या लालवरून निळा होताना मधला जांभळा टप्पा मुलांना कळत नाही, त्यांना ती काय सांगते? थेट उत्तर देते की आधीच पूर्ण झालेला फ्लास्क शेजारी ठेवून रंग ताडायला लावते? जे दिसेल ते तिथल्या तिथे वहीत टिपून घ्या. अर्जाला अजून वेळ आहे, तेव्हा आठवणीवर विसंबायची गरज नाही.

आता तुलनेकडे येतो, कारण ती टाळता येत नाही. बहुतेक अमेरिकी पोर्टलवर पत्रासोबत एक तक्ता भरावा लागतो : विद्यार्थी वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत, असे रकाने. आपल्याकडची पद्धत अशी की माया आली की सगळीकडे पहिल्या रकान्यात टिक. पत्रात कौतुक असं मोघम आणि तक्त्यात सगळं अव्वल, हे वाचणाऱ्याला लगेच खटकतं. तुम्ही म्हणालात, सहा वर्षांत एम.एस्सी.चे साधारण १३० विद्यार्थी तुमच्या हाताखालून गेले. त्यांतले वरचे ५ टक्के म्हणजे सहा-सात जण. एका चिठोऱ्यावर त्या सहा-सात जणांची नावं लिहा. ती स्वतःसाठी, कोणाला दाखवायची नाहीत. ही मुलगी त्यात बसते का? प्रयोगकौशल्यात बसते, असं तुम्ही न अडखळता म्हणालात. लेखी इंग्रजीच्या रकान्यात मात्र थांबलात. तिथे १० किंवा २५ टक्क्यांवर टिक करा. एका रकान्यातली खरी टिक बाकीच्या वरच्या टिकांना उभं करते.

पत्रातही ‘सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ लिहिण्याऐवजी आधार द्या : ‘सहा वर्षांत मी शिकवलेल्या सुमारे १३० एम.एस्सी. विद्यार्थ्यांत प्रयोगातल्या चिकित्सेच्या बाबतीत मी तिला पहिल्या पाचांत ठेवीन.’ संख्या, काळ आणि कशाच्या बाबतीत, ही तिन्ही हवीत. एक गाळलं की बाकीची दोन हवेत तरंगतात.

तुम्ही उणिवेचंही विचारलंत. ती सावकाश काम करते, एका अंतर्गत परीक्षेत मिश्रणाचं विश्लेषण अर्धवट राहिलं. लिहावं का? पोर्टलनं वेगळं विचारलं असेल तर लिहावंच लागेल. नसेल विचारलं तर तुमच्या मर्जीवर, पण मी लिहीन, दोन वाक्यांत. ‘ती वेगानं काम करणारी नाही, पहिल्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेत तिचं विश्लेषण वेळेत पूर्ण झालं नव्हतं. त्यानंतर आदल्या दिवशी कृतीचा क्रम कागदावर मांडून येण्याची सवय तिनं लावून घेतली आणि तिसऱ्या सत्रात तिन्ही प्रयोग वेळेत संपवले.’ हे खरं असेल तरच. तुम्ही जर्नलच्या तारखा पाहून खात्री करते म्हणालात, ती करा. खात्री झाली नाही तर दुसरं वाक्य गाळा, आणि मग पहिलंही गाळा. ‘अति परिपूर्णतेचा ध्यास हाच तिचा दोष’ ही मात्र पळवाट आहे. ती सगळ्यांनी इतकी वापरली आहे की न लिहिलेली बरी.

घरची परिस्थिती हा नाजूक भाग. विहिरीच्या पाण्यामागे घरात नळ नसणं आहे, हे तुम्ही मला सांगितलंत आणि मी ते इथे छापतोय तेही तुम्ही तिची संमती घेतल्यावर. पत्रातही तिला विचारल्याशिवाय घालू नका. घातलंत तर दयेच्या सुरात नको. ‘गरीब घरातील असूनही’ या तीन शब्दांत मुलगी दिसत नाही, आपली कणव दिसते. तिनं संमती दिली तर ‘घरी विहिरीचं पाणी वापरलं जातं, प्रश्न तिथूनच आला’ एवढं पुरे. विषयाशी तिचा संबंध कुठून जोडला गेला हे त्यातून कळतं.

आता मसुदा कोणी करायचा. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते, आणि वर्गात ऐंशी मुलं असली की शिक्षकाची अडचण मला समजते. पण मुलगी तीनही शिक्षकांसाठी स्वतः लिहिते तेव्हा तिन्ही पत्रांतून एकच माणूस बोलतो. तीच वाक्यांची लांबी, तेच तीन गुण, कधी तर टायपिंगची तीच चूक. समितीतला माणूस ती तिन्ही एकामागोमाग वाचत असतो, त्यामुळे ते लपत नाही. शिवाय कुठलीही समजूतदार मुलगी स्वतःबद्दल लिहिताना ‘मेहनती’च लिहिणार. ‘न जुळलेला आकडा मी खोडला नाही’ हे तिला स्वतःचं कौतुक वाटत नाही, ते तुम्हालाच वाटायला हवं.

तिच्याकडून मसुदा घेऊ नका, माहिती घ्या. एका कागदावर तिला लिहून आणायला सांगा : माझ्याकडे तू कोणकोणते पेपर आणि प्रॅक्टिकलं केलीस, कधी, माझ्या तासात अडलेलं आणि नंतर सुटलेलं काय आठवतं, मी तुला काय दुरुस्त करायला सांगितलं होतं आणि तू काय केलंस, कुठल्या विद्यापीठात कोणत्या विषयावर काम करायचं आहे. सोबत जर्नलं आणि प्रोजेक्टचा अहवाल. तुमचं लाल पेन जिथे जिथे चाललंय, त्या पानांवर तुम्ही विसरलेली उदाहरणं असतात. त्यातलं जे तुम्हालाही आठवतं किंवा जर्नलमध्ये दिसतं, तेवढंच वापरा.

एक जण हमखास विचारेल म्हणून आत्ताच सांगतो. जर्नल चाळूनही काही सापडलं नाही तर? मोठ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून ६८ टक्के मिळवलेल्या मुलाबद्दल खरंच काही आठवत नाही, यात गुन्हा नाही. त्याला सांगावं, ‘मी लिहिलं तर तुझ्या गुणपत्रिकेपलीकडे काही लिहू शकणार नाही, प्रोजेक्ट ज्यांच्याकडे केलास त्यांना विचार.’ मुलाला वाईट वाटतं. पण तीनपैकी एक जागा पोकळ पत्रानं अडण्यापेक्षा ते बरं. तिसरं नाव मिळतच नसेल तर लिहावं, आखूड, आणि जेवढं माहीत तेवढंच. विभागप्रमुखांच्या नावानं पत्र गेलं की वजन पडतं ही समजूतही सोडा. मुलीला फक्त कॉरिडॉरमध्ये पाहिलेल्या विभागप्रमुखांपेक्षा तिची ब्युरेट पाहिलेल्या तुम्ही जास्त कामाच्या.

पत्राची सुरुवात ओळखीनं करा, पण दोन ओळींतच : कधीपासून ओळखता, कोणते विषय शिकवलेत, आठवड्यातून किती तास ती तुमच्यासमोर असे. ‘हे शिफारसपत्र लिहिताना मला अत्यंत आनंद होत आहे’ ही ओळ काढलीत तर तेवढ्यात विहिरीच्या पाण्याचं एक वाक्य बसतं. ‘संस्थेचं नाव उज्ज्वल करील’ हेही काढा. तिथल्या प्राध्यापकाला आपल्या संस्थेच्या नावाची काळजी तुमच्याकडून नको असते. त्याऐवजी शेवटी एक सरळ ओळ लिहा, की तुमच्या प्रयोगशाळेत जागा असती तर तुम्ही हिला पीएच.डी.साठी घेतलं असतं. तुम्ही ते मनापासून म्हणू शकत असाल तर.

पत्र मुलीला दाखवायचं का, हाही प्रश्न येईल. अमेरिकेतल्या १९७४ च्या एका कायद्यानुसार तिथे दाखल झालेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क असतो, आणि अर्ज भरताना शिफारसपत्रांपुरता तो हक्क सोडायचा का असं पोर्टल तिला विचारतं. बहुतेक जण सोडतात, कारण गुप्त पत्राला वजन जास्त. तिनं सोडला असेल तर पत्र तुमच्यापाशीच राहू द्या. तपशील तिच्याशी ताडून घ्या, मजकूर नको.

आणि पोर्टलची लिंक महाविद्यालयाच्या ईमेलवर मागवा, खासगी जीमेलवर नको. काही विद्यापीठं खासगी पत्ता आला की पडताळणीसाठी उलट विचारतात. लिंक स्पॅममध्ये जाते, तेव्हा तिनं अर्जात तुमचं नाव घातलं की त्याच दिवशी तिला कळवायला सांगा. पुष्कळ मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात आणि आपल्या विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांची धामधूम साधारण त्याच सुमारास असते. माहितीचा कागद आणि जर्नलं दिवाळीच्या सुट्टीआधी मागून घ्या, पत्र सुट्टीत लिहा.